मातृभाषा कोणती, आणि शिकलात कुठे?

बारावीचा निकाल लागला की मच्छेतल्या एखाद्या घरात दोन राज्यांचे प्रवेश अर्ज एकाच टेबलावर येतात. बेळगाव-खानापूर रस्त्यावरच्या या गावातच विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे ‘ज्ञानसंगम’ आहे, त्यामुळे इंजिनिअरिंगचे वेड इथे नवे नाही. पहिला अर्ज कर्नाटकाचा. त्यात महत्त्वाची अट अशी की विद्यार्थ्याने किमान सात वर्षे कर्नाटकात शिक्षण घेतलेले असावे आणि दहावी किंवा बारावी इथून उत्तीर्ण व्हावे. घरात मराठी बोलता, उर्दू की कन्नड, याच्याशी या कलमाला देणेघेणे नाही. दुसरा अर्ज महाराष्ट्राचा. त्यात महाराष्ट्र-कर्नाटक विवादित सीमाभागातल्या मुलांसाठी वेगळा प्रकार आहे, ‘टाइप ई’. त्यासाठी दोन दाखले लागतात. एक, तुमचे गाव विवादित सीमाभागात येते असा. दुसरा, तुमची मातृभाषा मराठी आहे असा, आणि तो शाळा-कॉलेजच्या मुख्याध्यापकांनी किंवा प्राचार्यांनी द्यायचा.

एकाच गल्लीत वाढलेल्या, एकाच वर्गात बसलेल्या दोन मुलांचा विचार करा. एक मराठी घरातला, दुसरा उर्दू बोलणाऱ्या घरातला. पहिल्या अर्जासमोर दोघे सारखे. दुसऱ्या अर्जापाशी दुसरा मुलगा थांबतो. त्याचे गाव महाराष्ट्राच्या ८६५ गावांच्या दाव्यात आहे, म्हणजे त्याची जमीन महाराष्ट्राला हवी आहे. त्याच्यासाठी मात्र हा दाखला नाही.

राष्ट्रवादावरच्या जाडजूड ग्रंथांत जो भेद शेकडो पानांत सांगितला जातो, तो इथे दोन कागदांत मावतो. वंशाधारित राष्ट्रवाद विचारतो, तू कोणाचा? रक्त, भाषा, धर्म, पूर्वज यांपैकी एखादे नाते दाखवले की सीमेपलीकडचाही आपला होतो आणि ते नसेल तर दारातला शेजारीही पाहुणा ठरतो. नागरिकत्वावर उभे असलेले राष्ट्र विचारते, तू राहतोस कुठे, कायदा कोणता पाळतोस? जर्मनीचा १९१३ चा कायदा पहिल्या जातीचा होता. पिढ्यान्‌पिढ्या रशियात राहिलेल्या जर्मन वंशाच्या माणसाला जर्मनीचे दार उघडे होते. १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून आलेल्या कामगारांची मुले मात्र जर्मनीतच जन्मून, तिथल्याच शाळेत शिकून परदेशी राहत. हा नियम १ जानेवारी २००० पासून सैल झाला. सीमाभागासाठीचा महाराष्ट्राचा दाखला जर्मनीच्या त्या जुन्या दाराचा लहान नातेवाईक आहे. हे लिहिताना आमच्यातल्या अनेकांच्या कपाळावर आठी येईल, याची मला कल्पना आहे.

पण कर्नाटकाला उदार म्हणून मिरवता येणार नाही. त्याच कर्नाटकाच्या प्रवेश नियमांत ‘गडिनाडू कन्नडिग’ म्हणजे सीमेवरचे कन्नडिग असे कलम आहे. महाराष्ट्रातले दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत आणि गडहिंग्लज हे तालुके, केरळातला कासरगोडचा भाग, इथले राहणारे आणि मातृभाषा कन्नड, तुळू किंवा कोडव असणारे विद्यार्थी कर्नाटकाच्या जागांसाठी पात्र ठरतात. जतमधल्या मराठी मुलाला हे कलम लागू नाही. अगदी आरशातली प्रतिमा! दोन्ही राज्ये आपल्या हद्दीत नागरिकाची भाषा बोलतात आणि हद्दीपलीकडे रक्ताची. ‘कर्नाटक वंशवादी, महाराष्ट्र उदारमतवादी’ किंवा त्याच्या उलट, अशी वाटणी सभेत टाळ्या मिळवते, कागदावर टिकत नाही.

भारताच्या घटनेने देशपातळीवर निवड स्पष्ट केली होती. कलम ५ मध्ये नागरिकत्व ठरते ते इथल्या वास्तव्यावर, जन्मावर, आईबापाच्या जन्मस्थानावर. भाषेचा तिथे उल्लेख नाही. घोटाळा राज्यांच्या पातळीवर झाला. १९५६ साली राज्ये भाषेवर बेतली आणि राज्य म्हणजे त्या भाषेच्या लोकांचे घर, हा समज आपसूक रुजला. डॉ. आंबेडकरांनी १९५५ मध्येच ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’ या पुस्तिकेत यावर बोट ठेवले. एका राज्यात एक भाषा हे तत्त्व त्यांना मान्य होते, पण भाषिक राज्य सहज वेगळ्या राष्ट्राच्या वाटेला लागू शकते, म्हणून प्रादेशिक भाषा ही राज्याची राजभाषा नसावी, असे त्यांनी सुचवले. राजभाषा हिंदी असावी आणि ते जमेपर्यंत इंग्रजी, हा त्यांचा तोडगा आज ना बेंगळुरूत खपेल ना मुंबईत. धोका मात्र त्यांनी अचूक हेरला होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तेवढा मागे राहिला. आदल्या दिवशीपर्यंत मच्छेचा शेतकरी राज्याच्या एका मोठ्या भाषेचा माणूस होता. दुसऱ्या दिवशी तो त्याच बांधावर, त्याच बैलांमागे उभा राहून अल्पसंख्याक झाला. घटनेत ‘भाषिक अल्पसंख्याक’ कुणाला म्हणायचे हे राज्याच्या लोकसंख्येवर ठरते, तालुक्याच्या नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी.एम.ए. पै खटल्यात हे पक्के केले. त्यामुळे ज्या गावात घराघरांतून मराठी ऐकू येते, तिथलाही मराठी माणूस कायद्याने अल्पसंख्याक.

यावर उपाय म्हणून काय योजले होते, हे सीमाभागात फारसे बोलले जात नाही. हुतात्मा दिन, काळा दिन, सायकल फेरी, खटल्याची पुढची तारीख, यांत हा विषय मागे पडतो. १९४९ साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत एक साधा नियम ठरला: प्राथमिक शाळेत एखाद्या भाषेची ४० मुले किंवा एका वर्गात १० मुले असतील, तर त्यांना त्यांच्या भाषेत शिकवणारा शिक्षक द्यायचा. १९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०अ आणि ३५०ब आले. पहिल्याने मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली, दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याक आयुक्त हे पद निर्माण केले. त्याच वर्षी ४ सप्टेंबरच्या केंद्राच्या निवेदनात असे सुचवले गेले की ज्या भागात अल्पसंख्याक भाषा बोलणारे १५ ते २० टक्के असतील, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही छापावेत, आणि एखाद्या जिल्ह्यात ते ७० टक्के असतील तर तिथे ती भाषा राजभाषा मानावी.

आता हिशोब मांडा. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी बोलणारे साधारण १८-१९ टक्के आहेत. जिल्ह्याच्या पातळीवरच पंधराची रेषा ओलांडली जाते. बेळगाव, खानापूर, निपाणी या तालुक्यांचा वेगळा विचार केला तर प्रश्नच उरत नाही. पाणीपट्टीची नोटीस, मतदार यादीची सूचना, उताऱ्याच्या अर्जाचा नमुना हे मराठीत मिळावे, ही मागणी या निवेदनाच्या पोटातून निघते. मागणीची वाटही ठरलेली आहे. आधी जिल्हाधिकाऱ्यांना, म्हणजे आमच्या भाषेत डीसींना, लेखी अर्ज द्यायचा, नकार किंवा मौन आले तर आयुक्तांकडे जायचे. आयुक्तांचा अहवाल राष्ट्रपतींकडे आणि तिथून संसदेसमोर जातो.

इथेच गाडी अडते. आयुक्त विचारू शकतो, नोंदवू शकतो, शिफारस करू शकतो. हुकूम देऊ शकत नाही. राज्याने पत्राला उत्तर दिले नाही तर अहवालात ‘उत्तर आले नाही’ एवढेच छापता येते. १९५६ चे निवेदन हे कायदा नव्हे, त्यावरून कुणाला कोर्टात खेचणे अवघड. नागरिकत्वाच्या तत्त्वावरची हमी अशी दात नसलेली असेल तर माणसे रक्ताच्या हाकेकडे वळणार, त्यात नवल काय?

तरी एकदा ही हमी चावली होती. ऐंशीच्या दशकात कर्नाटक सरकारने माध्यमिक शाळेत कन्नड ही एकमेव प्रथम भाषा करण्याचा आदेश काढला. १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार झाला, माणसे गेली. हिंडलग्यात दर १ जूनला त्यांना अभिवादन होते. हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच वादाचा दुसरा अंक मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. भाषिक अल्पसंख्याक संरक्षण समिती या संघटनेच्या याचिकेवर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने जानेवारी १९८९ मध्ये निकाल दिला की अल्पसंख्याकांच्या मुलांवर कन्नड हीच प्रथम भाषा म्हणून लादता येणार नाही. राज्याच्या स्वतःच्या न्यायालयाने, राज्याच्याच सरकारला, घटनेच्या समतेच्या आणि अल्पसंख्याकांच्या कलमांवर बोट ठेवून सांगितले. त्यासाठी सीमा एक इंचही हलवावी लागली नाही.

पुढचा निकाल गुंतागुंतीचा आहे. राज्याने १९९४ मध्ये आदेश काढला की प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून किंवा कन्नडमधूनच द्यावे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो फेटाळला: मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील आणि माध्यम कोणते हेही त्यांची निवड, सरकारची सक्ती नाही. नागरिकाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या विचाराचे हे टोक म्हणावे लागेल. त्याने सक्तीपासून मराठी मुलाला वाचवले, मराठी शाळेला नाही. मच्छे-पिरनवाडीच्या बाजूला सकाळी रस्त्याकडेला उभे राहिले तर इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसमध्ये चढणारी पोरे कुणाची आहेत, हे त्यांच्या आयांच्या हाका ऐकून कळते. चाळीस मुलांचा नियम कर्नाटकाने मोडण्याआधी आपणच पटावरून मुले काढून घेतली. फ्रान्सचे उदाहरण इथे उपयोगी पडते. तिथे नागरिक तेवढे समान, गट मान्यच नाहीत. त्या भूमिकेपायी त्यांच्या घटना परिषदेने १९९९ मध्ये प्रादेशिक भाषांची युरोपीय सनद घटनेशी विसंगत ठरवली आणि ब्रेटनसारख्या भाषा झिजत राहिल्या. वंशवाद अल्पसंख्याकाला परका करतो. नुसते नागरिकत्व त्याला दिसेनासे करते. ३५०अ सारखी कलमे या दोन्हींच्या मधली वाट आहेत आणि सीमाभागाने त्यांच्यावर खर्च केलेली शक्ती फार अपुरी आहे.

महाराष्ट्राचेही पाहू. जत आणि अक्कलकोट भागात जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत, ही जमेची बाजू. मात्र तिथल्या कन्नड पालकाला आयुक्तांकडे जाण्याची तीच वाट आहे आणि ती तितकीच बिनदातांची आहे. आपण बेळगावसाठी जे मागतो ते जतसाठी आधी देऊन दाखवले, तर दाव्याला बळ येईल, असे मला वाटते. मुंबईत बसून हे कुणी मनावर घेत नाही, कारण जतचा कन्नडिग मुंबईच्या मतांचा विषय नाही.

२००४ पासून महाराष्ट्राचा मूळ दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, बहुसंख्येची भाषा, लोकेच्छा ही त्याची चतुःसूत्री. समजा उद्या निकाल आपल्या बाजूने लागला. रेषा सरकेल आणि बेळगाव तालुक्यातले कन्नडिग त्या दिवसापासून महाराष्ट्रातले भाषिक अल्पसंख्याक होतील. त्यांची संख्या पंधरा टक्क्यांच्या वर असेल यात शंका नाही. त्यांना पट्टण पंचायतीची नोटीस कन्नडमध्ये द्यायची का, त्यांच्या चाळीस मुलांना कन्नड शिक्षक कोण नेमणार, मराठीची सक्ती त्यांच्या दहावीला कितपत लागू होणार, या प्रश्नांची लेखी उत्तरे असलेला मसुदा मी अजून कोणत्याही व्यासपीठावर, कोणत्याही पुढाऱ्याच्या हातात पाहिलेला नाही.