पाय उचलला की गाडी काय करते?

इलेक्ट्रिक गाडीच्या टेस्ट ड्राइव्हला गेलं की बहुतेकांचं लक्ष पिकअपकडे असतं. शोरूमचा माणूसही मोकळा रस्ता दिसला की "आता दाबून बघा" म्हणतो. पण पिकअप सगळ्याच इलेक्ट्रिक गाड्यांना चांगला असतो. दोन गाड्यांमधला फरक जास्त कळतो तो ॲक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर, आणि रोजच्या ट्रॅफिकमध्ये पाय दाबण्याइतकाच उचलावाही लागतो.

पाय उचलला की चाकंच मोटरला फिरवू लागतात. मोटर मग जनरेटरचं काम करते आणि तयार झालेली वीज बॅटरीत जाते. सायकलच्या चाकाला डायनॅमो टेकवला की दिवा लागतो, पण पायडल जड होतं. इथे तो जडपणाच ब्रेकचं काम करतो. याला रीजनरेटिव्ह ब्रेकिंग, थोडक्यात रीजन म्हणतात. हा जडपणा किती हवा, ते चालकाला ठरवता येतं. 2023 पासूनच्या नेक्सॉन ईव्हीमध्ये स्टिअरिंगमागच्या पॅडलने शून्य ते तीन अशा लेव्हल बदलतात. ह्युंदाईच्या क्रेटा इलेक्ट्रिकमध्ये त्यापुढचा आय-पेडल मोड आहे: पाय पूर्ण उचलला की गाडी ब्रेकला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, थांबते. हेच वन-पेडल ड्रायव्हिंग.

यातून किती वीज परत मिळते? 1600 किलोची गाडी ताशी 60 किलोमीटरने धावत असेल, तर तिच्या वेगात सुमारे 0.06 युनिट ऊर्जा साठलेली असते. मोटर आणि बॅटरीतली गळती जाऊन त्यातली दोन तृतीयांश परत आली असं धरलं, तर 0.04 युनिट होते. तेवढ्यात गाडी साधारण 300 मीटर जाते. शहरात दर सिग्नलला ही कमाई होत राहते, म्हणून तिथे रीजनचा फायदा दिसतो. मोकळ्या हायवेवर मात्र वेग साठवून पुन्हा काढण्यापेक्षा गाडी तशीच घरंगळू दिलेली परवडते, कारण साठवणुकीत एक हिस्सा वाया जातोच. त्यामुळे सर्वांत जोरदार लेव्हल ती सर्वांत चांगली, असं नाही. टेस्ट ड्राइव्हमध्ये जोखायचं ते हे, की तेवढाच पाय उचलल्यावर गाडी दर वेळी तेवढीच मंदावते का.

निघण्यापूर्वी बॅटरीची टक्केवारी बघा. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते, आणि बऱ्याच गाड्या अशा वेळी रीजन कमी करतात किंवा बंद ठेवतात. शोरूमची गाडी रात्रभर चार्जिंगला असेल तर "हिचं रीजन अगदीच मवाळ" असा चुकीचा ग्रह होऊ शकतो. साठ-सत्तर टक्क्यांची गाडी मागा. पूर्ण भरलेली मिळालीच, तर तीही एक परीक्षा आहे: काही गाड्या रीजन कमी पडलं की साधे ब्रेक आपोआप लावून तेवढाच परिणाम साधतात, काही साधत नाहीत. लोणावळ्याला पूर्ण चार्ज करून लगेच खंडाळ्याचा घाट उतरणाऱ्याला हा फरक पहिल्याच वळणावर कळेल.

मग सपाट, रिकाम्या रस्त्यावर ताशी 50 चा वेग घ्या, आरशात मागे कुणी नाही हे बघा आणि एका खांबाजवळ पाय पूर्ण उचला. हेच प्रत्येक लेव्हलवर करा. जोरदार रीजनमध्ये गाडी साठ-सत्तर मीटरमध्ये थांबण्याच्या बेताला येते. हलक्या लेव्हलवर ती दूरवर जाते. आता पाय अर्धाच उचलून बघा. ट्यूनिंग चांगलं असेल तर अर्ध्या उचलण्याला अर्धाच परिणाम मिळतो. पाय जरासा हलताच मान पुढे जात असेल, तर बंपर-टू-बंपर ट्रॅफिकमध्ये तुमचा घोटा अवघडेल आणि मागे बसलेल्यांना मळमळेल. म्हणून घरचं कुणीतरी मागच्या सीटवर बसवा. स्टिअरिंग हातात असलेल्याला पुढचा धक्का आधीच माहीत असतो, मागच्याला नसतो.

शेवटचे दहा किलोमीटर वेगाचे फार बोलके असतात. इतक्या कमी वेगाला मोटरची रोखण्याची ताकद ओसरते. काही गाड्या तिथे साधे ब्रेक लावून पूर्ण थांबतात. काही ताशी पाच-सातच्या वेगाने सरपटत राहतात आणि ब्रेक तुम्हालाच मारावा लागतो. दोन्ही चालतं, पण आपल्या गाडीचं कोणतं, ते ठाऊक हवं. मग एखाद्या चढावर थांबा. गाडी जागची हलत नाही ना, की मागे सरकते? सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगचा रॅम्प यासाठी उत्तम.

ब्रेकचं पेडल विसरू नका. पुष्कळ गाड्यांत ते हलकं दाबलं तर आधी रीजन वाढतं आणि जास्त दाबल्यावर डिस्क पकडतात. या दोहोंतला सांधा पायाला जाणवता कामा नये. सिग्नलला हळूहळू थांबताना मध्येच पकड सुटल्यासारखी किंवा अचानक वाढल्यासारखी वाटली, तर तो सांधा कच्चा आहे. यानंतर खडबडीत रस्त्यावर किंवा स्पीडब्रेकरच्या आधी पाय उचलून बघा. चाक खड्ड्यात उडालं की घसरू नये म्हणून गाडी क्षणभर रीजन सोडते, आणि ती पुढे निसटल्याचा भास होतो. थोडा भास चालेल. छातीत धस्स होत असेल तर नाही. पावसाळी, निसरड्या रस्त्यावर हेच जास्त जाणवतं, कारण रीजन फक्त मोटर जोडलेल्या चाकांवर काम करतं.

एक प्रश्न मागून येणाऱ्याचाही आहे. तुम्ही ब्रेकला पाय लावलेला नाही, तरी गाडी झपाट्याने मंदावते आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीनुसार रीजनने येणारी मंदगती 1.3 मीटर प्रति सेकंद वर्गच्या वर गेली की ब्रेक लाइट लागलाच पाहिजे. तुमच्या गाडीचा लागतो का, हे संध्याकाळी शोरूमच्या आवारात हळू गाडी चालवून कळणार नाही, तिथे तेवढी मंदगतीच येत नाही. ओळखीच्या कुणाला तरी दुसऱ्या गाडीतून पुरेसं अंतर ठेवून मागे यायला सांगा.

आणि वन-पेडल म्हणजे आपत्कालीन ब्रेक नव्हे. त्याच 50 च्या वेगात कोरड्या रस्त्यावर ब्रेक कचकन दाबला तर गाडी बारा-तेरा मीटरमध्ये थांबते. पाय नुसता उचलून त्याच्या पाचपट अंतर लागतं. वन-पेडलवर बराच वेळ चालवल्यावर मुद्दाम ब्रेकवर पाय नेऊन बघा, सवय मोडते आहे का ते समजेल.

परतल्यावर गाडी बंद करून पुन्हा चालू करा. निवडलेली लेव्हल तशीच राहिली, की मूळ सेटिंगवर गेली? एकच गाडी घरात दोघं-तिघं चालवणार असतील तर हे नीट विचारून घ्या. मुलगा वन-पेडलवर गाडी लावून गेला आणि सकाळी आईने नेहमीच्या सवयीने पाय उचलला, तर गाडी मध्येच थबकेल. उलट झालं, तर थांबेल असं वाटलेली गाडी पुढच्या गाडीकडे सरकत राहील. लेव्हल डॅशबोर्डवर ठळक दिसते का आणि रस्त्यावरून नजर न हटवता बदलता येते का, एवढं बघूनच किल्ली परत करा.