आतला रंग खाली का सरकतो?

गेल्या भागानंतर सगळ्यात जास्त प्रश्न आले ते पीकाबू कलरबद्दल. म्हणजे वरचे केस काळेच ठेवायचे आणि आतल्या, मानेकडच्या थराला रंग द्यायचा. केस सोडले, हलले की रंग दिसतो, एरवी झाकलेला. ऑफिसात रंगीत केस चालत नाहीत अशांसाठी सोयीचा. पण मुळं वाढली की काय होतं, ते आधी कुणी सांगत नाही.

माझ्याकडे, म्हणजे बडोद्यातल्या पार्लरमध्ये, एक मुलगी दिवाळीच्या आधी आली होती. बँकेत काउंटरवर बसते, केस बांधूनच जावं लागतं. तिला निळा रंग हवा होता. मी तिला म्हटलं, "आधी रोजचा ऑफिसचा अंबाडा घाल बघू." तिने घातला. मानेवरचे आणि कानामागचे जे केस बाहेरून दिसत होते, ते मी क्लिप लावून बाजूला काढले. ती साधारण दोन सेंटीमीटरची पट्टी, तिला रंग लावायचाच नाही. मग एका कानाच्या वरच्या टोकापासून दुसऱ्या कानापर्यंत मागून भांग पाडला आणि त्या भांगाखालचे, पण पट्टीच्या आतले केस तेवढे रंगवले. ही पट्टी सोडली नाही तर पहिल्याच सोमवारी अंबाड्याखालून निळी रेघ दिसते. पार्लरमध्ये केस मोकळे ठेवून भांग पाडतात, म्हणून ही चूक होते.

आपल्या काळ्या केसांवर निळा नुसता लावला तर दिसत नाही. आधी ब्लीच करून केस पिवळे करावे लागतात, मग वरून रंग. (काळी मेंदी लावत असाल तर ते आधी सांगा. काही पाकिटांत धातूचे क्षार असतात, ब्लीच लागलं की केस तापतात आणि तुटतात. एक बट आधी करून बघायचीच. रंगाची ॲलर्जी आहे का, तेही ४८ तास आधी कानामागे लावून बघायचं.)

आता वाढीचं गणित. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. वरच्या केसांना रंग दिला की महिन्याभरात भांगात रेघ दिसते. इथे तसं होत नाही. मुळं काळी आलेली कुणाला दिसतच नाहीत, उलट मानेजवळ काळं वाढल्यामुळे अंबाडा दिवसेंदिवस जास्तच सुरक्षित होतो. म्हणून सगळे म्हणतात, याला देखभाल नाही.

पण रंग जातो कुठे? तो टोकाकडे सरकतो. आणि टोकाला वरच्या केसांचं पांघरूण सगळ्यात पातळ असतं. या मुलीचे मानेचे केस तीस सेंटीमीटर होते. पुढच्या दिवाळीपर्यंत वरचे बारा-तेरा सेंटीमीटर काळे झाले होते. मधे तिने लांबी तेवढीच ठेवून, फक्त टोकं छाटत, स्टेप कट करून घेतला, दुसरीकडे. स्टेपमध्ये वरचे थर आखूड होतात आणि वेणीचं शेपूट उरतं ते बहुतेक मानेच्या केसांचं. म्हणजे लपवलेला थरच उघडा पडला. वरून तो निळाही राहिला नव्हता. असे रंग प्रत्येक धुण्यात थोडे उतरतात, तेल लावून चोळलं की आणखी. निळा उतरला आणि खालचा पिवळा वर आला, की दिसतो हिरवट. साहेबांनी निळा वर्षभर पाहिला नाही, हिरवा एका दिवसात पाहिला!

तिला वाटलं, घरीच काळा डाय लावू. मी थांबवलं. ब्लीच केलेल्या केसांतला लालसरपणा गेलेला असतो. त्यावर सरळ गडद रंग चढवला तर तो राखाडी-हिरवा दिसतो आणि लवकर उतरतो. म्हणून आम्ही आधी तांबूस रंग भरला, धुतला, मग गडद तपकिरी लावला. काळा नाही, कारण काळा पुन्हा काढणं फार कठीण. टोकाचे पाच सेंटीमीटर कापले. बाकीचे तिने दोन-दोन महिन्यांनी कापत घालवले.

माझं मत विचाराल तर अंबाडा घालणाऱ्यांनी सगळे केस एका लांबीत ठेवावेत आणि निळ्याऐवजी वाइन किंवा बरगंडी घ्यावा. त्याला ब्लीच कमी लागतं आणि उतरला तरी तांबूस-तपकिरी होतो, काळ्याशेजारी डोळ्यात भरत नाही. निळाच हवा असेल तर दर महिन्या-दीड महिन्याने जुन्या रंगीत भागावर तेवढा रंग पुन्हा लावा. ब्लीच पुन्हा नको, आणि नवीन मुळांना हात लावू नका.