पूर्णाहुतीनंतर अर्ध्या तासाने

वास्तुशांतीचं जेवण फसतं ते सहसा चवीमुळे नाही. मसालेभात उत्तम झालेला असतो, पण होम लांबतो आणि साडेबाराला तळलेल्या पुऱ्या दीड वाजता चिवट होऊन ताटात पडतात. किंवा सामान येतं सव्वाशे पानांचं आणि माणसं येतात दीडशे. किंवा श्रीखंड रद्द केल्याचं फोनवर ज्या मुलाला सांगितलं, तो नेमका त्या दिवशी दुसऱ्या कार्याला गेलेला असतो. म्हणून कार्याच्या चार-पाच दिवस आधी केटररला एक पक्कं पत्र जायला हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं तरी चालतं, पण सगळा मजकूर एकाच संदेशात असावा. दहा तुटक संदेशांतून शेवटचा निर्णय कोणता, हे आचाऱ्याला शोधत बसावं लागू नये.

एक उदाहरण घेऊ. ठाण्यातल्या एखाद्या सोसायटीत नवा फ्लॅट, होम घरात आणि जेवण गच्चीवर. महिन्यापूर्वी १२० पानं ठरली होती. आता आकडा वाढला आहे, मेनूही थोडा बदलला आहे. पत्र साधारण असं होईल:

“स.न.वि.वि. रविवार, ता. ८ रोजीच्या आमच्या वास्तुशांतीच्या जेवणात काही बदल आहेत. श्रीखंड रद्द करून जिलेबी घ्यावी, ती जागेवर तळावी. अळूची भाजी रद्द करून मटार-बटाट्याचा रस्सा करावा. आता पूर्ण मेनू असा: वरण-भात, मसालेभात, पुरी, मटार-बटाटा रस्सा, काकडीची कोशिंबीर, पंचामृत, ओल्या खोबऱ्याची चटणी, बटाटाभजी, पापड, जिलेबी, मठ्ठा. सगळा स्वयंपाक कांदा-लसणाशिवाय. याआधी बोललेला मेनू धरू नये.

पानं १३५ नक्की, त्यांचे पैसे आम्ही देऊच. त्यावर १५ पानांची तयारी ठेवावी, ती लागली तरच त्याच दराने धरावीत. यात गुरुजी, लहान मुलं आणि सोसायटीचे वॉचमन धरले आहेत, तुमची वाढपी मंडळी धरलेली नाहीत.

सकाळी ७.३० ला २५ जणांचा चहा आणि उपमा. नैवेद्याची तीन पानं ११.४५ पर्यंत तयार हवीत. पूर्णाहुती १२ च्या सुमारास अपेक्षित आहे. त्यानंतर अर्ध्या तासाने पहिली पंगत ४० जणांची, मग बुफे २.३० पर्यंत. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा आम्ही घरीच करणार आहोत.

बदलांमुळे दरात फरक पडत असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत कळवावा. अन्यथा ठरलेला दर कायम समजतो. हे पत्र मान्य असल्याचं पानांच्या आकड्यासह लिहून कळवावं.”

या पत्रातलं ‘याआधी बोललेला मेनू धरू नये’ हे वाक्य फार मोलाचं आहे. बहुतेक लोक दोन बदल सांगून ‘बाकी ठरल्याप्रमाणे’ लिहितात. पण ठरलेलं नक्की काय, यावरच तर वाद होतो. एकदा फोनवर पापड ठरला, एकदा कुरडई. त्यामुळे बदल सांगून झाल्यावर संपूर्ण मेनू पुन्हा लिहिणं हाच खरा उपाय.

मेनूतला एक पदार्थ बदलला की त्याचे सोबतीही बदलतात, हे घरच्यांच्या लक्षात येत नाही, पण आचाऱ्याच्या येतं. श्रीखंड पुरीबरोबर खाल्लं जातं. ते गेलं की पुऱ्या कमी लागतात आणि लोक भाताकडे वळतात, म्हणून तांदूळ थोडे वाढवावे लागतात. जिलेबी आली की मठ्ठाही जास्त लागतो. दोन्हींच्या तयारीची वेळही वेगळी आहे. माणशी सव्वाशे ग्रॅम धरलं तरी १३५ जणांना साधारण १७ किलो श्रीखंड लागेल, म्हणजे नऊ-दहा किलो चक्का, आणि तो डेअरीत आधी सांगून ठेवावा लागतो. एकदा आणलेला चक्का परत जात नाही. जिलेबीसाठी मैद्याचं पीठ आदल्या रात्री भिजवून आंबवावं लागतं. शिवाय वेगळी शेगडी, पसरट कढई आणि हात बसलेला माणूस लागतो. आदल्या संध्याकाळी ‘श्रीखंडाऐवजी जिलेबी करा ना’ म्हटलं, तर केटरर होकार देईल, पण जिलेबी दुकानातून आलेली आणि गार असेल.

आता आकडा. निमंत्रितांची यादी आणि पानं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘सहकुटुंब’ म्हणून बोलावलेल्या एका घरातून दोघं येतील की पाच, हे यादीत दिसत नाही. प्रत्येक घराला एक फोन करून माणसं मोजावीत, आणि संध्याकाळी नुसतं घर बघायला येणारे शेजारी वेगळे काढावेत, कारण त्यांना प्रसाद आणि चहा पुरतो. उरतो तो आकडा नक्की पानांचा. मुद्दाम कमी सांगून ‘ते जास्तच करतात’ यावर विसंबू नये. केटरर थोडं जास्त करतो ते ताटातल्या वाढीव घासांसाठी, वीस नव्या माणसांसाठी नव्हे. बुफेत हिशेब बहुधा ताटं मोजून होतो, तेव्हा सुरुवातीला किती ताटं मांडली हे घरातल्या एकाने केटररच्या माणसाबरोबर उभं राहून मोजावं.

वेळेचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. होम घड्याळावर चालत नाही. गुरुजी आधीचं कार्य उरकून येतात, पुण्याहवाचनाला बसायला यजमान उशीर करतात, आणि बाराची पूर्णाहुती पाऊणला होते. पत्रात नुसतं ‘साडेबाराला जेवण’ लिहिलं, तर गच्चीवर बारालाच कढई तापते. म्हणून जेवणाची वेळ पूर्णाहुतीला बांधावी. होमानंतर बलिदान होतं आणि मग पूर्णाहुती. बलिदानाला सुरुवात झाली की घरातल्या एकाने गच्चीवर फोन करावा, हे आधीच ठरवून ठेवावं. तोवर मसालेभात झाकून मुरत असतो, रस्सा मंद आचेवर असतो. तळण मात्र फोन आल्यावरच सुरू करावं. मसालेभात थोडा उशीर सोसतो, पण जेवण दोन-तीन तास पुढे जाणार असेल तर तो गरम राहायलाच हवा. शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला, तर त्यात पोट बिघडवणारे जिवाणू वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

नैवेद्याची गोष्ट वेगळी आहे. ही पानं कोणीही काही चाखण्याआधी वाढायची असतात आणि त्यांत मेनूतला प्रत्येक पदार्थ हवा. म्हणजे तळण फोननंतर असलं तरी तीन पानांपुरत्या पुऱ्या, भजी आणि जिलेब्या आधी काढाव्याच लागतात. हे लिहिलं नाही तर आचारी म्हणतो, “कढई अजून ठेवली नाही,” आणि गुरुजी पानाची वाट बघत बसतात. पानं किती, हे गुरुजींना विचारूनच लिहावं. घराघरातली पद्धत सारखी नसते.

शिऱ्याचं वाक्यही असंच कामाचं. सव्वाच्या मापात रवा, तूप, साखर घेऊन केलेला प्रसाद बऱ्याच घरांत घरचंच कोणीतरी करतं. तो कोणी करायचा हे न लिहिल्यास दोन्हीकडे होतो, नाहीतर कुठेच होत नाही.

राहिली जागा. गच्चीवर गॅस न्यायची परवानगी, लिफ्टमधून पातेली चढवायची वेळ, पाण्याचा नळ आणि खरकटं कुठे टाकायचं, हे सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोलून पत्राच्या शेवटी दोन ओळींत लिहावं. केटररकडून ‘ओके’ एवढंच उत्तर आलं तर थांबू नये. “१३५ पानं, जिलेबी, पहिली पंगत पूर्णाहुतीनंतर अर्ध्या तासाने” एवढं त्याच्याकडून लिहून घ्यावं, आणि शनिवारी सकाळी, भाजी बाजारातून येण्याआधी, एक फोन करावा.