फुकटच्या रश्शाची किंमत

मिसळीच्या हॉटेलात रस्सा दुसऱ्यांदा मागितला की सहसा त्याचे पैसे पडत नाहीत. गिऱ्हाइकाला ते फुकट वाटतं आणि बऱ्याचदा मालकालाही. एका प्लेटीचा खर्च कागदावर मांडायचा त्या तक्त्याला हॉटेलवाले कॉस्टिंग शीट म्हणतात. तो मांडायला बसलं, की पहिला घोळ या रश्शापाशीच होतो.

मिसळीचंच शीट करून पाहू. भाव गावागावांत वेगळे असतात, इथे सोपे धरले आहेत. मटकी १२० रुपये किलो. भिजवून, मोड आणून, गणंग काढून टाकले की किलोची दोन किलोच्या आसपास होते. म्हणजे मोडाची मटकी ६० रुपये किलोने पडली आणि प्लेटीतल्या १०० ग्रॅमचे ६ रुपये झाले. कांद्याचं उलटं असतं. सालं आणि देठ काढल्यावर किलोमागे शंभर-सव्वाशे ग्रॅम जातात, म्हणून भाव खरेदीच्या वजनाला नव्हे, हाती उरलेल्या वजनाला लावायचा.

कटाचा हिशेब प्लेटीवर होत नाही, पातेल्यावर करावा लागतो. तेल, कांदा, सुकं खोबरं, आलं-लसूण, मसाला मिळून २६० रुपये लागले आणि साडेसहा लिटर कट उतरला, तर लिटरला ४० रुपये पडले. प्लेटीत २०० मिलि जातो, त्याचे ८. फरसाण २०० रुपये किलो, ५० ग्रॅमचे १०. दोन पाव ८ रुपये. चिरलेला कांदा, लिंबू, कोथिंबीर ३ रुपये. बेरीज ३५.

आता विक्रीची किंमत. समजा मालकाने ठरवलंय, की शंभर रुपयांच्या विक्रीत कच्च्या मालाचा वाटा ३२ असावा. हाच फूड कॉस्टचा टक्का. उरलेल्या ६८ मध्ये भाडं, पगार, गॅस, वीज आणि नफा भागतो. इथे पुष्कळजण खर्चावरच ६८ टक्के चढवतात आणि ३५ ची प्लेट ५९ ला लावतात. पण ६८ टक्के हवेत ते विक्रीतले, खर्चावरचे नव्हेत. ५९ च्या विक्रीत मालाचेच ३५ गेले, म्हणजे टक्का ५९ च्या पुढे. म्हणून गुणायचं नाही, भागायचं: ३५ भागिले ०.३२, येतात १०९. फळ्यावर ११० लागतात.

आणि मग रस्सा येतो. सरासरी एका गिऱ्हाइकामागे आणखी १०० मिलि कट जातो असं धरलं तर ४ रुपये, सोबतच्या कांद्याचा १. प्लेट ३५ ची नाही, ४० ची आहे. ११० च्या भावात टक्का ३६ च्या वर गेला. ३२ राखायचा तर किंमत १२५ हवी. काहीजण त्यापेक्षा जादा रश्शाचे पैसे लावतात. मला तो मार्ग कद्रू वाटतो, शिवाय मिसळ खाणाऱ्याला तो झोंबतो. किमतीतच धरलेला बरा.

किंमत म्हणजे जीएसटीशिवायची रक्कम. साध्या हॉटेलाला ५ टक्के कर लागतो आणि त्यात खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणून फरसाणाच्या बिलातला कर शीटमध्ये खर्च म्हणूनच घ्यायचा. फळ्यावरचे १२५ करासकट असतील, तर हातात ११९ च राहतात आणि टक्का ३३ च्या पुढे सरकतो.

टक्क्याच्या मात्र फार नादी लागू नये. चहाला ६ रुपये लागतात आणि तो २० ला जातो, टक्का ३०. मिसळीपेक्षा चांगला दिसतो. पण चहामागे १४ रुपये उरतात, मिसळीमागे ८५. रविवारी सकाळी दारात रांग असताना टेबल कोणाला द्यायचं, ते या उरलेल्या रुपयांवरून ठरतं.

कांदा किलोमागे ५० रुपयांनी चढला, तर कटातला आणि वरचा मिळून प्लेटीमागे सहा रुपये वाढतात. फळा दर आठवड्याला पुसता येत नाही, म्हणून शीटमध्ये वर्षभराचा सरासरी भाव धरणं शहाणपणाचं.

तरीही शीट खरं की खोटं, ते महिनाअखेरीलाच कळतं. सुरुवातीचा शिल्लक माल, त्यात महिन्याची खरेदी, वजा शेवटची शिल्लक, म्हणजे खरोखर लागलेला माल. त्याला करावेगळ्या विक्रीने भागायचं. सगळ्या पदार्थांची शीटं आणि त्यांचा खप धरून ३२ यायला हवे होते आणि आले ३७, तर आधी चोरीचा संशय घेऊ नये. कामगारांचं जेवण, रात्री ओतून दिलेला कट हे कुठे लिहिलंय का, ते बघावं. मग फरसाण वाढणाऱ्याच्या शेजारी तासभर वजनकाटा घेऊन उभं राहावं. मुठीने वाढलेलं फरसाण ५० च्या जागी ६० ग्रॅम भरतं, आणि त्या दहा ग्रॅमचे प्लेटीमागे २ रुपये होतात.