‘प्रवास : 60,000 रुपये’ एवढ्यावर भागत नाही

संशोधनासाठी फेलोशिप देणाऱ्या संस्थेकडे अर्ज आला की निवड समितीतली माणसं पहिल्यांदा विषय वाचतात, मग नमुना लेखन चाळतात. खर्चाचं पान ती शेवटी उघडतात आणि खूपदा तिथेच जास्त वेळ थांबतात. ‘मानधन 3,00,000, प्रवास 60,000, पुस्तके 20,000, क्षेत्रकार्य 1,00,000’ अशा चार ओळी समोर आल्या की त्यातून एकच गोष्ट कळते. अर्जदाराने एकूण रकमेची मर्यादा आधी पाहिली आणि मग ती चार खणांत वाटून टाकली. म्हणून अंदाजपत्रकाच्या तक्त्यासोबत एक टिपण मागतात, पान-दीड पानाचं. प्रत्येक आकडा कुठून आला, हे त्यात साध्या वाक्यांत लिहायचं असतं.

एक उदाहरण घेऊ. एका तरुण अभ्यासक बाईंना तमाशा फडांच्या आर्थिक व्यवहाराचा अभ्यास करायचा आहे. सुपारी कशी ठरते, उचल कोण कोणाला देतं, पावसाळ्याचे महिने फड कशावर जगतो, असे प्रश्न. त्या कुठल्याही विद्यापीठात नाहीत, स्वतंत्रपणे काम करतात. फेलोशिप बारा महिन्यांची, मर्यादा 6 लाखांची, असं समजू. पुढचे त्यांचे दर नमुन्याचे आहेत. हिशेबाची रीत मात्र खरी आहे.

टिपणाची सुरुवात पैशापासून न करता पंचांगापासून करावी लागते. फडांचा हंगाम दसऱ्याला उघडतो आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास आवरतो. त्यातही गावोगावच्या जत्रांचा खरा रेटा चैत्र-वैशाखात. या जत्रांच्या बुकिंगसाठी जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावकरी तिथे येऊन सुपारी देतात. अभ्यासाचा विषयच व्यवहार असल्यामुळे त्या दिवसांत तिथे नसून चालणार नाही. आता अडचण पाहा. 2026 मध्ये गुढीपाडवा 19 मार्चला होता. 2026 च्या अधिक महिन्यामुळे 2027 चा पाडवा 7 एप्रिलला जातो. संस्थेचं आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं. म्हणजे एका वर्षी हंगामाची सुरुवात मार्चअखेरच्या आत येते, तर दुसऱ्या वर्षी सगळा रेटा पुढच्या आर्थिक वर्षात जातो. जूनमध्ये सुरू झालेल्या फेलोशिपचा मोठा खर्च एप्रिल-मे 2027 मध्ये होणार असेल, तर तो टिपणात आधीच सांगून ठेवावा. नाही तर मार्चअखेरीला ‘क्षेत्रकार्याचे पैसे शिल्लक का?’ असं पत्र येतं आणि पुढचा हप्ता अडकतो.

कामाचे मग दोन भाग पडतात. जत्रेच्या दिवसांत पाहायचं, पावसाळ्यात बोलायचं. हंगामात कलावंत रात्री उभे असतात, दिवसा झोपतात किंवा पुढच्या गावाच्या वाटेवर असतात. तेव्हा कोणी दोन तास मुलाखत देईल ही आशा नको. पावसाळ्यात मात्र ते घरी असतात. या दोन भागांचा खर्चही वेगळा. पावसाळ्यातला प्रवास दिवसाचा आणि एसटीचा. तो मोजणं सोपं. एसटीचं साधं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याने आकारतात. जानेवारी 2025 मध्ये 14.95 टक्के वाढ झाली आणि साध्या गाडीचा टप्पा 8.70 रुपयांवरून 10.05 रुपयांवर गेला. पुण्याहून नारायणगाव पंचाहत्तरेक किलोमीटर, म्हणजे तेरा टप्पे, साधारण 130 रुपये. मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा अभ्यासक बाईंनी 65 च लावावेत. समितीत एखादा तरी सदस्य हे भाडं जाणणारा असतो. पूर्ण भाडं लावलेलं दिसलं की त्याचा बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

जत्रेच्या रात्री मात्र एसटी उपयोगाची नाही. वग संपेपर्यंत पहाट होते आणि गावातून पहिली गाडी कधी निघेल याचा भरवसा नसतो. इथे टिपणाचा खरा कस लागतो. ‘स्थानिक प्रवास 30,000’ असं लिहिलं तर समिती ते निम्म्यावर आणेल. तोच आकडा असा लिहिता येतो :

‘चैत्र-वैशाखात 30 प्रयोग पाहणार. 18 रात्री फडाच्या गाडीतून फडाबरोबर प्रवास, खर्च नाही. उरलेल्या 12 रात्री नारायणगावपासून 40 किलोमीटरच्या आतल्या गावांसाठी खासगी जीप, जाऊन-येऊन आणि थांबून 2,500 रुपये, एकूण 30,000. सगळ्या रात्री फडाबरोबर जाता आलं असतं, पण सुपारी देणाऱ्या गावकऱ्यांशी बोलायचं तर मालकाच्या गाडीतून उतरणारी व्यक्ती म्हणून जाणं योग्य नाही.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. जीप आरामासाठी नाही, अभ्यासाच्या पद्धतीसाठी लागते, हे त्यातून कळतं. ही ओळ कापली तर कामाचा कोणता भाग गळेल, तेही वाचणाऱ्याच्या लक्षात येतं.

यालाच लागून एक खर्च येतो, जो बायका अर्जात लिहायला संकोचतात. रात्री दोन वाजता जत्रेच्या गर्दीत एकट्या बाईने वही घेऊन उभं राहणं सोपं नाही. सोबत कोणी तरी लागतं. घरातल्या कोणाला तरी फुकट नेऊन हा खर्च लपवला जातो आणि पंधराव्या रात्री तो माणूस कंटाळतो. त्यापेक्षा ‘क्षेत्र-सहायक, 30 रात्री, दर रात्री 700 रुपये, 21,000’ असं सरळ लिहावं. हा सहायक त्याच परिसरातला असला तर ओळखीही काढून देतो. जरूर वाटल्यास ‘सुरक्षिततेसाठी’ हा शब्द बेलाशक वापरावा. माझ्या मते या ओळीला कात्री लावणाऱ्या समितीनेच उत्तर द्यायला हवं.

मुलाखत देणाऱ्यांना पैसे द्यावेत का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पैसे दिले की माणूस आपल्याला हवं ते बोलतो, असा एक आक्षेप. दुसरी बाजू अशी की पावसाळ्यात यांतले बरेच कलावंत शेतमजुरीला जातात आणि आपण त्यांचा दिवस खातो. मला दुसरी बाजू पटते, पण मग दराचा आधार द्यावा लागतो. रोजगार हमीची मजुरी हा एक छापील आधार आहे. 2025-26 साली महाराष्ट्रात ती रोजची 312 रुपये होती. गावातला चालू रोज त्याहून जास्त असतो, म्हणून बैठकीला 600 रुपये धरले तर कोणी हरकत घेणार नाही. 24 जण, प्रत्येकाच्या दोन बैठका, म्हणजे 28,800. ही रक्कम ‘माहितीचा मोबदला’ म्हणून न दाखवता ‘बुडालेल्या मजुरीची भरपाई’ म्हणून दाखवावी. सगळ्यांना एकच दर ठेवावा, नावाजलेल्या कलावंताला जास्त आणि ढोलकीवाल्याला कमी असं करू नये. फडात ही बातमी त्याच दिवशी पसरते.

सर्वांत जास्त विसरली जाणारी ओळ मात्र पुढेच आहे. 48 बैठका, प्रत्येकी दीड तास, म्हणजे 72 तासांचं ध्वनिमुद्रण. एक तासाचं बोलणं नीट लिहून काढायला चार-पाच तास सहज जातात. मागे पावसाचा आवाज, मध्येच बोलणारी तिसरी व्यक्ती आणि फडाची खास बोली असेल तर आणखी जास्त. स्वतः करायचं म्हटलं तर दोन महिने त्यातच जातील. बाहेर दिलं आणि तासाला 700 रुपये धरले तर 50,400 होतात, म्हणजे पुस्तकांच्या दुपटीहून जास्त. हा खर्च ज्याने लिहिलेला नसतो त्याचं क्षेत्रकार्य छान पार पडतं आणि वर्षाच्या शेवटी हातात न ऐकलेल्या फायली उरतात.

पुस्तकांबद्दल थोडक्यात. तमाशावरची बरीच जुनी पुस्तकं आता छापली जात नाहीत. ती ग्रंथालयात बसून वाचायची किंवा छायाप्रत काढायची. त्यामुळे 20,000 मधले निम्मे छायाप्रती, सभासद वर्गणी आणि मुंबईच्या फेऱ्यांकडे वळतात. जुनी पुस्तकं रस्त्यावर मिळाली तर पावती मिळत नाही. अशा खर्चासाठी स्वतः सही केलेलं व्हाउचर चालेल का, हे आधीच विचारून घ्यावं. 5,000 च्या वरच्या पावतीवर एक रुपयाचं महसुली तिकीट लागतं, हेही लक्षात असू द्यावं. अनेक संस्थांत विकत घेतलेली पुस्तकं शेवटी संस्थेकडे जमा करावी लागतात, म्हणून आपल्याला कायमची हवी असलेली पुस्तकं स्वतःच्या पैशाने घेतलेली बरी.

आता मानधन. 25,000 गुणिले 12 म्हणजे 3 लाख, एकूण रकमेच्या निम्मे. हे जास्त आहे का? तुलनेसाठी, जानेवारी 2023 पासून यूजीसीच्या कनिष्ठ संशोधकाला महिना 37,000 रुपये मिळतात. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या फेलोशिपमध्ये कनिष्ठांना 10,000 आणि वरिष्ठांना 20,000 असे दोन वर्षं मिळत आले आहेत. तिथे प्रवासाला वेगळा खण नाही, सगळं त्यातच. म्हणून मानधन कमी दाखवून समितीला खूश करण्यात अर्थ नाही. पोट भरायला दुसरी कामं घेतली की जत्रेच्या रात्रीच चुकतात. मात्र त्याच काळात दुसरी फेलोशिप किंवा पगार चालू असेल तर तो उघड करावा. आणखी एक प्रश्न आधीच विचारावा : संस्था हे पैसे व्यावसायिक शुल्क म्हणून देणार असेल तर उगमातून 10 टक्के कर कापला जातो. मग दरमहा हातात 22,500 येतील. परतावा नंतर मिळू शकेल, पण घरभाडं दर महिन्याला द्यावं लागतं.

अर्ज मराठीत करता येतो का, असाही प्रश्न असतो. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स भारतीय भाषांतले प्रस्ताव स्वीकारते. तिथे हे टिपणही मराठीत लिहिता येईल आणि ‘उचल’, ‘सुपारी’ हे शब्द आहेत तसेच ठेवता येतील.

टिपणाच्या शेवटी हप्त्यांची मागणी लिहावी. बहुतेक ठिकाणी समान हप्ते असतात आणि आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा सुटत नाही. शेवटचा हप्ता तर अंतिम अहवालानंतर. आपल्या अभ्यासक बाईंचा सगळ्यांत महाग काळ अकरावा-बारावा महिना आहे, जीप, खोली, सहायक सगळं तेव्हाच. समान हप्त्यांत त्या वेळी त्यांच्या खात्यात जेमतेम मानधन असेल. म्हणून जूनला 40 टक्के, जानेवारीत हिशेब देऊन मार्चच्या पहिल्या आठवड्यात 50 टक्के आणि अहवालानंतर 10 टक्के, अशी विभागणी कारणासह मागावी. संस्था नाही म्हणाली तर निदान एवढं विचारावं की एका खणातले 10 टक्के लेखी परवानगीशिवाय दुसऱ्यात वळवता येतील का. पाडवा उलटून गेल्यावर परवानगीचं पत्र येण्याची वाट पाहायला वेळ नसतो, आणि राहुट्या तोवर उठलेल्या असतात.