'पुढे लिही ना!'

अर्धवट कथा व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलमध्ये चिकटवलेली येते आणि खाली एवढंच असतं: 'पुढे लिही ना.' कथा कुठे न्यायची, कोणाच्या नजरेतून सांगायची, पाच ओळी लिहायच्या की पाच पानं, याबद्दल चकार शब्द नसतो. लिहिता हात आहे अशी ज्याची ख्याती झाली, त्याच्याकडे अशी मागणी कधी ना कधी येतेच. पाठवणारा आळशी असतो असं नाही. ती कथा त्याच्या डोक्यात इतके दिवस घोळत असते की आपण सगळं सांगितलंय अशीच त्याची समजूत असते. गंमत म्हणजे बरंचसं त्याने खरोखरच सांगितलेलं असतं, पण ते मजकुरात. पुढचं वाक्य सुचण्याआधी ते शोधून काढावं लागतं.

पहिली गफलत इथेच होते. 'पुढे लिही' म्हणजे 'पूर्ण कर' नव्हे. आपल्याला सवय लागलेली असते ती शाळेपासून. दहावीच्या मराठीच्या पेपरात उपयोजित लेखनात कथालेखन असतं. कधी मुद्दे दिलेले असतात, कधी अर्धी कथा, आणि ती ठरलेल्या जागेत संपवायची असते. मग आठ-दहा ओळींत अपघात, पश्चात्ताप, मनोमिलन आणि तात्पर्य उरकलं जातं. परीक्षेत ते ठीकच, कारण तिथे शेवटच मागितलेला असतो. मित्राने पाठवलेल्या कथेचा शेवट परस्पर करून टाकला, तर त्याच्या हातात लिहायला काही उरतच नाही.

जगात सर्वांत जास्त लोकांनी परस्पर पुढे नेलेल्या कथांपैकी एक आहे चार्ल्स डिकन्सची 'द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड'. ही कादंबरी बारा मासिक भागांत यायची होती. ९ जून १८७० रोजी डिकन्सचं निधन झालं, तेव्हा तीन भाग वाचकांच्या हाती पडले होते आणि आणखी तीन भागांपुरता मजकूर लिहून झाला होता. म्हणजे बरोबर अर्धी कथा उरली आणि पुढचा आराखडा त्याने कुठे लिहून ठेवलेला नव्हता. एडविन नावाचा तरुण नाताळच्या आदल्या रात्री नाहीसा होतो. त्याचा काका जॅस्पर चर्चमधल्या गायकवृंदाचा प्रमुख आहे, चोरून अफू ओढतो आणि पुतण्याच्या वाग्दत्त वधूवर त्याचा डोळा आहे. एडविनचा खून झाला की तो जिवंत आहे, इथपासूनच वाद सुरू झाला.

डिकन्सच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच इंग्लंड-अमेरिकेत पुढचे भाग लिहिणारे पुढे सरसावले. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात एका छपाई कामगाराने १८७३ साली उरलेली कादंबरी छापली आणि ती डिकन्सच्या आत्म्याने आपल्याला सांगितली असा दावा केला. १९१४ साली लंडनमध्ये जॅस्परवर चक्क लुटुपुटूचा खटला चालला. न्यायाधीश होता जी. के. चेस्टरटन आणि ज्यूरीचा प्रमुख बर्नार्ड शॉ. १९८५ साली अमेरिकेत या कथेवर संगीतिका आली, तेव्हा खुनी कोण हे प्रत्येक प्रयोगात प्रेक्षकांच्या मतांवर सोडून दिलं गेलं.

एवढा गोंधळ झाला म्हणून मजकुरात दिशा नव्हतीच असं मात्र नाही. नीट वाचलं तर पहिल्या अर्ध्यात तीन वस्तू मांडून ठेवलेल्या दिसतात. जॅस्परच्या अंगावर एक लांब काळा गळपट्टा आहे. थडग्यांचं काम करणाऱ्या पाथरवटाच्या अंगणात कळीच्या चुन्याचा ढीग आहे आणि त्यात सगळं कसं विरघळून जातं हे तो जॅस्परला सांगतो. तिसरी वस्तू म्हणजे एडविनच्या खिशातली अंगठी, जी त्याच्याकडे आहे हे जॅस्परला माहीतच नाही. पुढे डिकन्सचा मित्र आणि चरित्रकार फोर्स्टर याने लिहिलं की काकानेच पुतण्याला मारायचं होतं आणि चुन्यातही टिकून राहिलेल्या अंगठीवरून खून उघडकीला यायचा होता. चित्रकार ल्यूक फिल्ड्स याने सांगितलं की गळपट्टा चित्रात दुहेरीच हवा असा डिकन्सचा आग्रह होता, कारण गळा त्यानेच आवळायचा होता. कथेने आधी हातात दिलेल्या आणि अजून न वापरलेल्या वस्तू शोधल्या की दिशेचा अंदाज येतो, तो असा. अंदाजाला मर्यादाही आहेच. कादंबरीच्या उत्तरार्धाच्या तोंडावर डॅचरी नावाचा एक पाहुणा गावात येतो. तो वेष पालटलेला कोणीतरी आहे असा दाट संशय येतो, पण तो कोण हे हातातल्या मजकुरावरून आजवर कोणालाही निर्विवाद ठरवता आलेलं नाही.

आता हेच काम एका लहान तुकड्यावर करून पाहू. समजा, पुढचा मजकूर आला आहे आणि खाली 'पुढे लिही ना':

'एसटी स्टँडवरच्या घड्याळात सव्वासहा वाजले होते. सुमनने पुन्हा एकदा पिशवीत हात घालून पाकीट जागेवर असल्याची खात्री करून घेतली. पाकिटावर दादाच्या अक्षरात आप्पांचं नाव होतं. आत काय आहे ते तिला ठाऊक होतं. ते आप्पांना तोंडाने सांगायचं की पाकीट नुसतं हातात ठेवायचं, एवढंच ठरायचं राहिलं होतं. गावाकडची गाडी फलाटावर येऊन लागली. उतरणाऱ्यांत सगळ्यांत पुढे आप्पा होते.'

आधी निवेदन पाहू. कथा 'मी'ने सांगितलेली नाही, पण ती सुमनला चिकटून आहे. तिला जे दिसतं आणि ठाऊक आहे तेवढंच आपल्याला कळतं, किंबहुना त्याहून थोडं कमीच कळतं, कारण पाकिटातलं तिला माहीत आहे आणि आपल्याला नाही. त्यामुळे पुढच्या ओळीत 'आप्पांना वाटलं' असं लिहिलं की कथा मोडते. 'होतं', 'सांगायचं' अशी बोलीतली रूपं आहेत, म्हणून पुढे एकदम 'त्याने पत्र वाचले आणि तो स्तब्ध झाला' असं छापील मराठी चालणार नाही. वाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण हात बदलला हे त्याला लगेच जाणवतं.

मग ठरलेलं काय आणि मोकळं काय, याची यादी करायची. सुमनला पत्रातलं माहीत आहे, निर्णय व्हायचा आहे आणि आप्पा अनपेक्षितपणे आले आहेत, एवढं ठरलेलं आहे. दादा हयात आहे की नाही, आप्पा कशासाठी आले आणि दोघांचं नातं काय, हे मोकळं आहे. आप्पा म्हणजे वडील असं आपण घाईने धरून चालतो. मजकुरात तसं कुठेही म्हटलेलं नाही. ते सासरे असतील, गावातले वडीलधारे असतील. पुढे लिहिणाऱ्याने सुमनच्या तोंडी 'बाबा' घातलं, तर मूळ लेखक कपाळाला हात लावेल.

लांबीचा अंदाजही मजकूरच देतो. सात वाक्यांत जेमतेम दहा मिनिटं सरली आहेत. या चालीने जाणाऱ्या कथेत पुढचा परिच्छेद 'पाच वर्षं उलटली' असा सुरू करता येत नाही. विचारलं नसेल तेव्हा आलेल्या मजकुराएवढंच लिहावं आणि पुढच्या वळणावर थांबावं, हा हिशेब बरा पडतो. दिशा चुकली असेल तर नुकसान एका परिच्छेदाचंच होतं.

राहिली दिशा. सुमन लपेल, हा एक रस्ता. आप्पांना सगळं आधीच कळलं आहे, हा दुसरा. आप्पांच्या मागोमाग दादाच गाडीतून उतरेल, हा तिसरा. तो सगळ्यात खमंग वाटतो, पण दादा समोर उभा राहिला की पाकिटाचं वजनच जातं आणि सुमनने काय ठरवायचं हा प्रश्नही संपतो. म्हणजे कथेने जे जमवलं होतं ते उधळलं. पहिले दोन रस्ते एकत्र करून असं लिहिता येईल:

'सुमन खांबाआड सरकली. आप्पांनी उतरल्यावर इकडेतिकडे पाहिलं नाही. ते सरळ चौकशीच्या खिडकीशी गेले आणि काहीतरी विचारू लागले. खिडकीतल्या माणसाने नुसती मान हलवली. मागच्या मागे निघून जावं, असं सुमनच्या मनात आलं. तेवढ्यात आप्पांनी घाम पुसायला टोपी काढून कठड्यावर ठेवली. त्यांच्या दुसऱ्या हातात तसलंच एक पाकीट होतं.'

यात नवीन वस्तू एकच आली आणि तीही जुन्या वस्तूची जोडी म्हणून. पाकीट उघडलेलं नाही, दादाचं काय झालं ते सांगितलेलं नाही, आप्पांशी नातं जोडलेलं नाही. नजर सुमनचीच राहिली. तिचा प्रश्न मात्र अवघड झाला: सांगायचं कसं याच्या जोडीला आता आप्पांना किती ठाऊक आहे हेही आलं. अशी भर मूळ लेखकाला पटली नाही, तर शेवटचं वाक्य खोडून तो त्याच जागेवरून वेगळी वाट धरू शकतो.

मजकूर परत पाठवताना सोबत दोन ओळी लिहाव्यात: 'सुमनच्याच नजरेतून पुढचा प्रसंग लिहिलाय. पाकीट मी उघडलेलं नाही. उघडायचं असेल तर आत काय आहे ते कळव.' आपण काय गृहीत धरलं ते यात आलं आणि जे खरोखर मजकुरातून कळत नव्हतं तेवढंच विचारलं गेलं. लिहिण्याआधीच प्रश्नांची यादी धाडली तर समोरचा गांगरतो. त्यातल्या बहुतेक प्रश्नांचा त्याने स्वतःही विचार केलेला नसतो. समोर एक परिच्छेद असला की 'हे नको' किंवा 'अगदी हेच' एवढं तरी तो चटकन सांगू शकतो.

एका प्रसंगी मात्र आधी विचारलेलंच बरं. मजकूर वळणावर न थांबता रेंगाळून थांबलेला असेल, शेवटचे दोन-तीन परिच्छेद नुसता चहा पिण्यात आणि खिडकीबाहेर पाहण्यात गेले असतील, तर लेखक अडकला आहे असं समजावं. त्याची अडचण बहुधा शेवटच्या ओळीत नसते, बरीच मागे असते: पात्राला काय हवंय हेच ठरलेलं नसतं. तिथे पुढे कितीही लिहिलं तरी कथा हलत नाही. अशा वेळी 'या माणसाला नक्की काय हवंय?' एवढंच विचारून थांबावं.

आणि कथा पाठवणाऱ्यांना एक विनंती. 'पुढे लिही ना' याच्या खाली आणखी तीन गोष्टी लिहा: शेवट हवा की पुढचा प्रसंग, साधारण किती ओळी, आणि कथेत काय अजिबात घडू नये. तिसरी सर्वांत उपयोगाची. कथा कुठे जाणार हे पुष्कळदा लेखकालाच माहीत नसतं, पण ती कुठे जाऊ नये हे त्याला पक्कं ठाऊक असतं.