भिशीला बारा जणी येणार, पण यजमानीण बाई किचनमध्येच? गॅस आधीच बंद करणारा हा मेन्यू बघा

मागच्या वर्षी आमच्या घरी आईची भिशी होती. बारा जणींचा ग्रुप, महिन्याला एकीचं घर, म्हणजे वर्षातून एकदाच आपला नंबर. आईने ठरवलं, गरमागरम बटाटेवडे करायचे. चारला सगळ्या आल्या, हॉलमध्ये हाऊजी सुरू झाली आणि आई कढईसमोर उभी राहिली. पहिला घाणा गेला तेव्हा सगळ्या खेळात होत्या, त्यामुळे वडे ताटात तसेच पडून मऊ झाले. शेवटचा घाणा बाहेर आला तेव्हा दोघी जणी चप्पल घालत होत्या. आणि भिशीची चिठ्ठी कोणाची निघाली, हे आईला आतूनच ओरडून विचारावं लागलं.

यंदा आमचा नंबर परत आला, तेव्हा आईची एकच अट होती. पाहुण्या आल्यावर गॅस पेटणार नाही. दुसरी अट बाकीच्यांची होती. बारा जणींमध्ये दोघींना शुगर आहे, एकीला ॲसिडिटी, त्यामुळे सगळंच तळलेलं नको.

मग आम्ही मेन्यू कसा ठरवला, ते डिटेलमध्ये बघू.

आधी प्रश्न असा, की वडा अर्ध्या तासात मऊ का पडतो?

तळलेल्या पदार्थाचा कुरकुरीतपणा म्हणजे वरच्या आवरणातलं पाणी उडून गेलेलं असणं. वड्याच्या आतला बटाटा मात्र ओलाच असतो. कढईतून बाहेर काढल्यावर आतलं पाणी हळूहळू बाहेरच्या आवरणात येतं आणि आवरण मऊ पडतं. त्यात आपण वडे गरम असताना झाकून ठेवले, तर वाफ तिथेच अडकते आणि काम आणखी लवकर बिघडतं. भजी, समोसा, साबुदाणा वडा, सगळ्यांची गोष्ट हीच.

आता बाकरवडी बघा. तीसुद्धा तळलेलीच असते. पण तिच्या आत सुकं खोबरं, तीळ, खसखस आणि मसाला असं कोरडं सारण असतं. आतून बाहेर यायला पाणीच नाही, म्हणून ती डब्यात कितीतरी दिवस कुरकुरीत राहते.

म्हणजे नियम सोपा आहे. तळलेलं ठेवायचं तर आतून कोरडं असलेलं ठेवायचं, आणि ते विकत आणायचं. आमच्या मेन्यूत तळलेली फक्त बाकरवडी होती. बारा जणींना साधारण 400 ग्रॅम पुरली, कारण सोबत आणखी तीन पदार्थ होते. डबा मात्र वाढायच्या आधी पाच मिनिटं उघडायचा. पावसाळ्यात ताटात काढून ठेवलेली बाकरवडीसुद्धा हवेतला ओलावा धरते.

बाकीचे पदार्थ होते सुरळीची वडी, दडपे पोहे आणि चटणी सँडविच. शेवटी विकतचं श्रीखंड आणि चहा.

सुरळीची वडी : गारच खायची, म्हणून इथे फिट बसते

ही वडी गरम खायची पद्धतच नाही. त्यामुळे दुपारी करून ठेवली तरी काही बिघडत नाही, आणि तेल लागतं ते फक्त ताटाला पुसायला आणि फोडणीला.

बारा जणींना प्रत्येकी तीन वड्या धरल्या तर छत्तीस झाल्या. त्यासाठी दीड वाटी बेसन, दीड वाटी आंबट दही, तीन वाट्या पाणी, हळद, मीठ आणि आलं-मिरचीचं वाटण. हे सगळं थंड असतानाच गुठळ्या मोडेपर्यंत घुसळायचं आणि गाळून घ्यायचं. मग मंद आचेवर सतत ढवळत शिजवायचं.

ही वडी बिघडते ती दोन कारणांनी. एक, मिश्रण कमी शिजतं आणि ताटाला चिकटून बसतं. दोन, जास्त शिजतं, गोळा होतो आणि पसरतच नाही. म्हणून आठेक मिनिटांनी एक चमचा मिश्रण ताटाच्या मागच्या बाजूवर पातळ पसरायचं आणि मिनिटभर थांबायचं. कडेने उचललं की अख्खा पापुद्रा सुटून आला, तर गॅस बंद. चिकटला तर अजून दोन मिनिटं.

इथे आमचा घोळ झाला होता. पहिल्यांदा सगळं मिश्रण एकदम शिजवलं. तीन ताटं पसरेपर्यंत पातेल्यातलं उरलेलं घट्ट झालं. दुसऱ्यांदा आम्ही मिश्रणाचे दोन भाग केले आणि एकामागून एक शिजवले. पाच-सहा ताटं आधीच तेलाचा हात पुसून उपडी मांडून ठेवायची, म्हणजे धावपळ होत नाही.

सुरळ्या करून, मोहरी-हिंग-तिळाची फोडणी घालून, डब्यात झाकून फ्रीजमध्ये ठेवायच्या. वाढायच्या अर्धा तास आधी बाहेर काढायच्या. ओलं खोबरं आणि कोथिंबीर मात्र अगदी शेवटी, कारण खोबरं लवकर खराब होतं.

दडपे पोहे : यात पोहे शिजवायचेच नसतात

कांदेपोहे गार झाले की त्यांचा घास उतरत नाही. दडपे पोह्यांना तो प्रश्नच नाही. हा कोकणातला पदार्थ. पातळ पोहे घ्यायचे, आणि ते धुवायचे नाहीत. ओल्या नारळाचा चव, नारळाचं पाणी, बारीक चिरलेला कांदा आणि लिंबू यांच्याच ओलाव्यावर ते मऊ होतात. मिश्रण दडपून, म्हणजे वर झाकण आणि वजन ठेवून दाबून ठेवतात, म्हणून दडपे पोहे.

बारा जणींसाठी 400 ग्रॅम पातळ पोहे, एक मोठा नारळ आणि त्याचं पाणी, तीन कांदे, दोन लिंबं, मीठ, थोडी साखर आणि कोथिंबीर. मोहरी, हिंग, हळद, मिरच्या आणि शेंगदाण्यांची फोडणी दुपारीच करून गार करायची. शेंगदाणे त्यातून बाजूला काढून ठेवायचे, ते वाढताना घालायचे, नाहीतर तेही मऊ पडतात.

यात खरा खेळ वेळेचा आहे. खूप आधी कालवले तर कांद्याला पाणी सुटून लगदा होतो. वाढायच्या तासभर आधी कालवायचे आणि अर्धा तास दडपायचे. मग एक चिमूट खाऊन बघायची. दाताखाली कोरडे लागले तर नारळाच्या पाण्याचा हबका मारायचा, ओलसर झाले तर मूठभर कोरडे पोहे मिसळायचे. म्हणून थोडे पोहे बाजूला ठेवलेले बरे.

कुणी कांदा खात नसेल तर तिचा वाटा आधीच वेगळा कालवून ठेवायचा. त्यात कांद्याऐवजी किसून हलकी पिळलेली काकडी चालते.

सँडविच : ओलं का होतं आणि ते कसं टाळायचं

दोन स्लाइसच्या सँडविचचे चार त्रिकोण होतात. प्रत्येकी तीन त्रिकोण म्हणजे नऊ सँडविच, म्हणजे अठरा स्लाइस. पाकिटाच्या दोन टोकांचे स्लाइस यात धरू नका.

चटणीतलं पाणी ब्रेडमध्ये मुरलं की सँडविच गळायला लागतं. त्याला अडवतं ते बटर. म्हणून बटर मऊ करून दोन्ही स्लाइसना अगदी कडेपर्यंत लावायचं. मधेच लावलं आणि कडा कोरड्या राहिल्या, तर पाणी तिथूनच शिरतं. चटणी वाटताना पाण्याऐवजी मूठभर डाळं घातलं की ती घट्ट राहते. टोमॅटो-काकडी यात टाळलीच, कारण मीठ लागलं की दोन्हींना पाणी सुटतं.

कापून झाल्यावर डब्यात रचायचे आणि वर घट्ट पिळलेलं ओलसर सुती कापड झाकायचं. नाहीतर तासाभरात कडा वाळतात.

आणि चहा?

सगळं नीट जमतं आणि शेवटी चहासाठी यजमानीण पुन्हा किचनमध्ये जाते. यावर उपाय थर्मासचा. बारा कप म्हणजे साधारण सव्वा लिटर, दीड लिटर केला की दुसऱ्या अर्ध्या कपाचीही सोय होते. थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवायचं आणि ओतून टाकायचं. थेट गार थर्मासमध्ये चहा ओतला तर तो तिथेच कोमट होतो. चहा पावडर नीट गाळायची, नाहीतर चहा कडवट होत जातो. साखर आम्ही वेगळी ठेवली, शुगरवाल्या दोघींसाठी. श्रीखंड अर्धा किलो आणलं, लहान वाट्यांमध्ये भरून फ्रीजमध्ये ठेवलं आणि ज्यांना नको त्यांना आग्रह केला नाही.

आमचं त्या दिवशीचं टाइमटेबल

आदल्या रात्री : बाकरवडी आणि श्रीखंड आणलं, चटणी वाटली, प्लेट-वाट्या मोजून बाहेर काढल्या.

सकाळी : नारळ खवून फ्रीजमध्ये ठेवला.

दुपारी 1 वाजता : सुरळीची वडी केली आणि पोह्यांची फोडणी करून ठेवली.

अडीच वाजता : सँडविच.

साडेतीनला : पोहे कालवून दडपले.

पावणेचारला : चहा थर्मासमध्ये, गॅस बंद.

साडेचारला : सगळं एकदम टेबलवर, ज्याला जे हवं ते आपापलं घ्यायचं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. खोबरं आणि दही असलेले पदार्थ टेबलवर दोन तासांपेक्षा जास्त नकोत, आणि कडक उन्हाळ्यात तासभरच. उरलेले पोहे डब्यात भरून द्यायचा मोह टाळा. बाकरवडी बिनधास्त द्या.

आणि तारीख ठरवताना कालनिर्णय बघा. संकष्टी निघाली तर बारातल्या निम्म्या जणींचा उपास असायचा, आणि हा सगळा मेन्यू तसाच उरायचा.

यंदा पाच वाजता चिठ्ठी काढायची वेळ आली तेव्हा आई हॉलमध्येच बसलेली होती, हातात प्लेट घेऊन. डब्यातून चिठ्ठी तिनेच उचलली. नाव तिचं निघालं नाही, पण ते या वेळी तिने स्वतः वाचून दाखवलं.